कानात किडा गेला तर आधी काय करायचं?

मागच्या पावसाळ्यात जुळे सोलापुरात एका घरी घडलेली गोष्ट आज आम्ही तुम्हाला सांगणार आहोत. ज्या मावशींच्या बाबतीत ती घडली, त्यांनी स्वतःच आम्हाला सांगितलं, "माझं नाव नका घेऊ, पण गोष्ट मात्र सगळ्या गटांना सांगा."

मावशी लेकीकडे चार दिवस राहायला आल्या होत्या. उकाडा होता, म्हणून स्वयंपाकघराच्या दाराशी सतरंजी टाकून खालीच झोपल्या. रात्री दीडच्या सुमाराला त्या किंचाळत उठल्या. उजव्या कानात काहीतरी वळवळत होतं. त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, "कुणीतरी डोक्यात पत्रा खरवडतंय असं वाटत होतं." लेक धावत आली. जावईबापूंनी मोबाईलचा उजेड कानावर धरला. लेकीनं केसातला आकडा काढला आणि त्याच्या टोकानं किडा ओढून काढायचा प्रयत्न केला. किडा निघाला नाहीच, उलट आणखी आत गेला. मावशी कळवळल्या, आणि आकड्याच्या टोकाला रक्त लागलं.

त्याच गल्लीत आमच्या गटातली एक ताई राहते. तिला बोलावलं तेव्हा घरात गोडेतेलाची वाटी कोमट करून ठेवलेली होती. तिनं रक्त पाहिलं आणि ती वाटी बाजूला ठेवायला सांगितली. ती म्हणाली, "आता तेल नको. आता दवाखाना." लेकीला ते पटेना. तेल घालतात हे तिनंही ऐकलं होतं. मग आता का नको? आजचं आमचं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे.

आधी कान आतून कसा आहे ते डोळ्यासमोर आणूया. कानाच्या भोकापासून आत एक नळी जाते. मोठ्या माणसात ती साधारण अडीच सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या एका पेरापेक्षा थोडी जास्त लांब असते. ती सरळ नसते, तिला मध्ये बाक असतो. तिच्या बाहेरच्या भागात कातडीखाली कूर्चा आहे, म्हणून तिथे थोडं बोट लागलं तरी सहन होतं. आतल्या भागात मात्र कागदासारखी पातळ कातडी थेट हाडावर ताणलेली असते. तिथे नुसता स्पर्श झाला तरी डोळ्यात पाणी येतं, आणि जरा टोचलं की रक्त येतं. नळी जिथे संपते तिथे कानाचा पडदा असतो. ढोलकीच्या पुडीसारखा तो ताणलेला असतो. किडा त्या पुडीवर चालतो, म्हणूनच माणसाला तो आवाज एवढा मोठा ऐकू येतो.

पडदा म्हणजे बंद दार. आपल्याकडे अजून म्हणतात, "गोम कानात गेली की मेंदूत शिरते आणि मेंदू खाते." तसं होत नाही. नळी पडद्यापाशी संपते, तिथून मेंदूकडे जायला किड्याला वाट नाही. हे माहीत असणं फार उपयोगाचं आहे, कारण घाबरूनच माणूस आकडा, काडी, किल्ली, सुई, जे हाताला लागेल ते कानात घालतो. त्यातून जी इजा होते ती बहुतेक वेळा किड्यानं केलेल्या इजेपेक्षा मोठी असते.

मग किडा मागे फिरून आपणहून बाहेर का येत नाही? नळी इतकी अरुंद असते की मोठ्या झुरळाला तिथे वळताच येत नाही. झुरळाच्या पायांवर बारीक काटे असतात. पुढे सरकताना ते आड येत नाहीत, मागे येताना मात्र कातडीत अडकतात. त्यामुळे ते धडपडतं ते पुढेच, पडद्याच्या दिशेनं. मागून आकडा टोचला की ते आणखी पुढे पळतं. मावशींच्या कानात नेमकं हेच झालं.

हे फार जुन्या काळी एका प्रसिद्ध माणसाच्या बाबतीतही झालं आहे. नाईल नदीचा उगम शोधायला निघालेला जॉन हॅनिंग स्पीक हा इंग्रज प्रवासी 1858 साली आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराकाठी मुक्कामाला होता. रात्री वादळ झालं. नंतर त्यानं मेणबत्ती लावली तेव्हा तंबूभर काळे भुंगेरे झाले. तो तसाच झोपला, आणि एक भुंगेरा त्याच्या कानात शिरला. त्यानं आधी लोणी वितळवून कानात घातलं. त्याचा उपयोग झाला नाही. मग त्यानं चाकूचं टोक कानात घातलं. भुंगेरा मेला, पण कानाला जखम झाली. जखम चिघळली, चेहरा एका बाजूला ओढला गेला, कित्येक दिवस त्याला घास चावता येईना. तो कान बहिरा झाला. पुढे नाक शिंकरलं की त्या कानातून शिट्टीसारखा आवाज यायचा, आणि भुंगेऱ्याचे तुकडे पुढे सहा-सात महिने मळाबरोबर निघत राहिले. हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्याच्या आसपास डॉक्टर नव्हता, आपल्याला आहे. घरच्या उपायानं काम झालं नाही तर पुढची पायरी डॉक्टर असते, चाकू नव्हे, एवढं स्पीकच्या गोष्टीतून लक्षात ठेवूया.

आता तेलाकडे येऊया. आजीबाईंनी सांगितलेला तेलाचा उपाय खोटा नाही. किडा नाकानं श्वास घेत नाही. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं असतात आणि त्यांतून हवा आत जाते. तेल ती भोकं बुजवतं, किडा गुदमरतो आणि थोड्या वेळात त्याची हालचाल थांबते. हालचाल थांबली की वेदना आणि घबराट दोन्ही निम्म्यानं कमी होतात. तेलाचं काम एवढंच आहे. मेलेला किडा बाहेर काढणं हे तेलाचं काम नाही.

पण तेल घालण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न: कानात गेलंय ते नक्की किडाच आहे का? वळवळ, फडफड किंवा खरवड जाणवते का? लहान मुलाच्या कानात हरभरा, वाटाणा, मणी किंवा घड्याळातला छोटा गोल सेल गेला असेल तर तेल, पाणी, काहीही घालायचं नाही. हरभरा ओलाव्यानं फुगतो आणि घट्ट बसतो. सेल तर काही तासांत आतली कातडी जाळतो. सेल गेल्याचा नुसता संशय आला तरी वाट न पाहता, रात्र असली तरी, लगेच दवाखाना गाठायचा.

दुसरा प्रश्न: हा कान पूर्वी वाहत होता का? पडद्याला भोक असल्याचं कुणी डॉक्टरनं सांगितलं होतं का? त्या कानाचं ऑपरेशन झालंय का, किंवा आत छोटी नळी बसवली आहे का? यातल्या एकाचंही उत्तर "हो" असेल तर तेल घालायचं नाही. पडद्याला भोक असेल तर तेल पलीकडे मधल्या कानात उतरतं. तिथे ते साचतं, घाण आत नेतं, कान पिकतो. आपल्याकडे लहानपणी कान वाहिलेल्या कितीतरी बाया आहेत. पुढे कान वाहायचा थांबला तरी भोक बुजलंच असेल असं नाही.

तिसरा प्रश्न: आत्ता कानातून रक्त, पाणी किंवा पू येतोय का? कुणी आत काही घातलं होतं का? घातलं असेल आणि रक्त आलं असेल, तर ते रक्त नुसत्या कातडीच्या ओरखड्याचं आहे की पडदा फाटला आहे, हे घरी कळत नाही. म्हणून तेल नाही.

मावशींच्या घरी तेलाची वाटी बाजूला का ठेवली, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं ठीक होती. मावशींचा कान कधी वाहिला नव्हता. आकडा घातला नसता तर पाच-दहा मिनिटांत किडा शांत झाला असता आणि मावशी सकाळी निवांत दवाखान्यात गेल्या असत्या. आकड्यानं रक्त काढलं आणि घरचा सोपा उपायच हातातून गेला.

तिन्ही प्रश्नांची उत्तरं ठीक असतील तर तेल कसं घालायचं ते सांगतो. तेल स्वच्छ आणि खाण्याचं असावं. खोबरेल, गोडेतेल किंवा बाळाच्या मालिशीचं साधं तेल चालेल. त्यात लसूण, ओवा, कापूर, हळद असलं काही घालू नका. लसूण घालून कडवलेलं तेल आतली नाजूक कातडी भाजतं. तेल थेट गॅसवर तापवू नका. वाटी कोमट पाण्यात ठेवा आणि मग एक थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून पाहा. तो गरमही वाटू नये आणि गारही वाटू नये. अंगाएवढंच कोमट तेल का घ्यायचं, त्याला कारण आहे. शरीराचा तोल सांभाळणारा भाग आतल्या कानात असतो. खूप गार किंवा खूप गरम तेल गेलं की माणसाला गरगरतं आणि उलटी होते.

माणसाला कुशीवर झोपवा, किडा गेलेला कान वर येईल असं. मोठ्या माणसाची कानाची पाळी हलकेच वर आणि मागे ओढा. त्यामुळे नळीचा बाक सरळ होतो आणि तेल आत उतरतं. तीन वर्षांखालच्या बाळाची पाळी खाली आणि मागे ओढायची असते. चमच्यानं किंवा ड्रॉपरनं तेल हळूहळू, कडेनं सोडा. धार लावू नका. कानाच्या नळीत साधारण एक-दीड मिलिलिटर तेल मावतं, म्हणजे चहाचा अर्धा चमचासुद्धा जास्तच होतो. तेल कानाच्या तोंडापर्यंत आलं की थांबा. वाटीभर तेल ओतायची गरज नसते.

सुरुवातीला किडा जोरात धडपडेल. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर माणूस दचकून उठून बसेल आणि तेल सगळं सांडेल. हात धरून बसा, बोलत राहा. पाच ते दहा मिनिटं तसंच पडून राहू द्या. वळवळ थांबली की कान खाली करून तेल कापडावर निथळू द्या. कधी कधी त्या तेलाबरोबर मुंगी किंवा चिलट बाहेर येतं. आलं तर ते कागदावर ठेवून नीट पाहा, अख्खं आहे की एखादा पाय, पंख गळलाय. तो किडा पुडीत बांधून डॉक्टरांकडे घेऊन जा. आला नाही तर कानात काहीही न घालता दवाखान्यात जा. तेल घालताना खूप दुखलं, गरगरलं किंवा तेल घशात उतरल्यासारखं वाटलं, तर लगेच थांबा आणि कान खाली करा. पडद्याला भोक असल्याची ती खूण असू शकते.

उजेडाचा उपाय खूप जणी सांगतात. खोलीत अंधार करायचा, कानाशी बॅटरी धरायची, की किडा उजेडाकडे येतो. पाकोळी, चिलट असे उजेडावर येणारे किडे असतील तर कधी कधी हे जमतं. झुरळ मात्र उजेडापासून पळतं, म्हणजे ते आत जाईल. आणि आत नेमकं काय गेलंय हे आपल्याला बहुधा ठाऊक नसतं. म्हणून उजेडावर वेळ घालवू नका. जावईबापूंनी कानावर मोबाईलचा उजेड धरला तेव्हा मावशींची खरवड वाढली होती, हेही सांगून ठेवतो.

काही गोष्टी मुळीच करायच्या नाहीत. कानात रॉकेल, फिनेल, झुरळं मारायचा फवारा घालायचा नाही. या गोष्टी किड्याला मारतात आणि कानालाही जाळतात. विडीचा धूर कानात फुंकायचा नाही. कापसाची काडी घालायची नाही, ती किड्याला दट्ट्यासारखी आत ढकलते. कानात बोळा कोंबून "आत मरू दे" म्हणायचं नाही. आणि किडा दिसत असला तरी घरच्या चिमट्यानं ओढायचा नाही. झुरळ ओढलं की तुटतं, पाय आत राहतात आणि तिथेच कान पिकतो.

आता मावशींकडे परत जाऊया. तेल घालता येत नव्हतं आणि किडा जिवंत होता. अशा वेळी सकाळची वाट पाहायची नसते, रात्रीच निघायचं असतं. सोलापुरात आपलं सिव्हिल, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे. ते डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे आणि तिथे कान-नाक-घसा विभाग आहे. गावाकडच्या बायांनी आधी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावं. किडा मारायचं काम तिथे होऊ शकतं. काढणं अवघड असेल तर ते पुढे पाठवतात. मावशींना घरच्यांनी रिक्षातून कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरांकडे नेलं. आमची ताई बरोबर होती, म्हणून पुढचं सगळं आम्हाला नीट कळलं.

डॉक्टरांनी लगेच चिमटा उचलला नाही. आधी चार प्रश्न विचारले. किडा कधी गेला, कुणी काय घातलं, कान पूर्वी वाहत होता का, चक्कर येते का. लेकीनं आकड्याची गोष्ट लपवली नाही, हे फार चांगलं झालं. मैत्रिणींनो, लाजून हे लपवू नका. आत काय घातलं होतं यावर डॉक्टरांचा पुढचा निर्णय ठरतो. मग त्यांनी ऑटोस्कोप नावाच्या, पुढे दिवा आणि भिंग असलेल्या छोट्या यंत्रानं कान पाहिला. आत झुरळ होतं. नळीच्या तळाशी आकड्याचा लांब ओरखडा होता, रक्त तिथून आलं होतं. पडद्याचा जेवढा भाग दिसत होता तेवढा शाबूत होता. दुसरा कानही त्यांनी पाहिला, कारण कधी कधी दोन्हीकडे किडा असतो.

मग त्यांनी कानात लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करणाऱ्या औषधाचे थेंब टाकले. या औषधानं किडाही निपचित पडतो आणि कातडीही बधिर होते. तेल की लिग्नोकेन, यावर डॉक्टरांमध्येही चर्चा होत आली आहे. 1985 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात डॉक्टरांनी एक गमतीदार पत्र लिहिलं होतं. त्यांच्याकडे दोन्ही कानांत एकेक झुरळ गेलेला रुग्ण आला. त्यांनी एका कानात खनिज तेल घातलं आणि दुसऱ्यात लिग्नोकेन. तेलातलं झुरळ आतच मेलं आणि मग ते काढायला बरेच कष्ट पडले. लिग्नोकेनच्या कानातलं झुरळ तडफडत बाहेर आलं आणि जमिनीवरून पळत सुटलं. पण प्रत्येक वेळी झुरळ असं बाहेर पळतंच असं नाही. आणि पडद्याला भोक असेल तर लिग्नोकेन आतल्या कानापर्यंत पोचून माणसाला तासन्‌तास गरगरवू शकतं. म्हणून हे औषध डॉक्टरांनी पडदा पाहिल्यावरच टाकायचं असतं. दुकानातून आणून घरी टाकायचं नाही.

साधारण दहा मिनिटांनी मावशींच्या कानातली खरवड थांबली. मावशी म्हणाल्या, "आता घरी जाऊ." डॉक्टरांनी त्यांना थांबवलं, कारण मेलेलं झुरळ अजून आतच होतं. किडा काढायच्या तीन पद्धती आहेत आणि कुठली वापरायची ते डॉक्टर आत काय दिसतंय त्यावर ठरवतात. पहिली चिमट्याची. हा चिमटा बारीक, लांब आणि मगरीच्या जबड्यासारखा पुढे उघडणारा असतो. दुसरी सक्शनची, म्हणजे बारीक नळीनं ओढून घ्यायची. तिसरी पिचकारीची. अंगाएवढं कोमट पाणी नळीच्या भिंतीकडे सोडतात, ते मागून वळून येतं आणि किड्याला बाहेर ढकलतं. पडद्याबद्दल शंका असेल तर पिचकारी वापरत नाहीत.

मावशींना आडवं झोपवून, कानावर सूक्ष्मदर्शक आणून डॉक्टरांनी चिमट्यानं झुरळ धरलं. धड निघालं, पण मागचे दोन पाय तुटून आत राहिले. ते सक्शननं काढले. मग पुन्हा पूर्ण कान पाहिला. ताई सांगत होती, डॉक्टरांनी झुरळाचे तुकडे एका ताटलीत मांडून मोजले. सगळं निघालं याची खात्री झाल्यावर पडदा पूर्ण दिसला आणि तो शाबूत होता. ओरखड्यासाठी कानात टाकायचे प्रतिजैविक थेंब दिले. कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी ठेवायचा आणि आठवड्यानं पुन्हा दाखवायचं, असं सांगितलं. आठवड्यानंतर ओरखडा भरून आला होता. मावशींना पूर्वीसारखं ऐकू येत होतं.

मूल लहान असेल आणि हात लावू देत नसेल, तर डॉक्टर जबरदस्ती करत नाहीत. मूल हललं की चिमटा पडद्याला लागतो. अशा वेळी थोडी भूल देऊन किडा काढतात. भूल म्हटलं की आई घाबरते. पण चार जणांनी हातपाय धरून काढण्यापेक्षा ते जास्त सुरक्षित असतं. घरीसुद्धा मूल लाथा झाडत असेल तर तेल घालायचा हट्ट करू नका, मांडीवर घट्ट धरून दवाखान्यात न्या.

आणखी दोन गोष्टी जनावरं पाळणाऱ्या मैत्रिणींसाठी. गोठ्यात वावरणाऱ्यांच्या कानात कधी गोचीड शिरते. ती वळवळत नाही, ती कातडीला तोंड रुतवून बसते. कान जड वाटतो, ठणकतो. तेलानं ती सुटेलच असं नाही, आणि ओढली तर तिचं तोंड आत राहतं. ती डॉक्टरांनीच पाहून काढायची. दुसरी गोष्ट अळ्यांची. वाहणाऱ्या, वास येणाऱ्या कानावर माशी बसून अंडी घालते आणि कानात अळ्या होतात. म्हातारं, अंथरुणाला खिळलेलं माणूस किंवा लहान मूल असेल तर हे लवकर ध्यानात येत नाही. कानातून घाण वास, रक्ताळलेलं पाणी आणि सारखी वळवळ असेल तर घरचा कुठलाही उपाय न करता त्याच दिवशी दाखवा. तिथे अळ्या काढाव्या लागतात आणि मूळच्या वाहणाऱ्या कानावर इलाजही करावा लागतो.

किडा निघाला तरी पुढचे काही दिवस कानाकडे लक्ष ठेवा. ठणका वाढला, कान वाहायला लागला, वास आला, कमी ऐकू येऊ लागलं, गरगरलं किंवा ताप आला, तर एखादा पाय, पंख आत राहिला असेल किंवा जखम पिकली असेल. चेहरा एका बाजूला वाकडा झाल्यासारखा वाटला तर मात्र त्याच तासाला निघा. वळवळ थांबली म्हणजे किडा निघाला असं समजून महिनाभर गप्प बसणाऱ्या बाया असतात. मेलेला किडा आत कुजतो. वळवळ थांबल्यावर एक-दोन दिवसांत कान दाखवून घ्यायचाच.

मावशींच्या घरची ही गोष्ट आमच्या गटात सांगितली, त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुसरा प्रसंग आला. गटातल्या एकीच्या सात वर्षांच्या मुलाच्या कानात शेतावर मुंगळा गेला. तिनं मुलाला मांडीवर कुशीवर घेतलं आणि तीन प्रश्नांची उत्तरं मनात तपासली. कान कधी वाहिला नव्हता, रक्त नव्हतं, आत काही घातलेलं नव्हतं. तिनं डब्यातलं खोबरेल मनगटावर पाहून थोडंसं कानात सोडलं. मूल एकदा ओरडलं, मग हळूहळू शांत झालं. दहा मिनिटांनी तेल निथळवलं, मुंगळा आला नाही. संध्याकाळी ती त्याला आरोग्य केंद्रात घेऊन गेली. तिथे डॉक्टरांनी पडदा पाहिला आणि पिचकारीनं मुंगळा काढला. मुंगळा अख्खा निघाला, थेंबसुद्धा लागले नाहीत.

मावशींची लेक आता गटाच्या बैठकीला येते. मागच्या वेळी ती म्हणाली, "त्या रात्री माझ्या हातात आधी आकडा आला. वाटी नंतर आली. उलटं व्हायला हवं होतं." तुमच्या पुढच्या बैठकीत ही गोष्ट सांगा, आणि सांगताना ते तीन प्रश्न एकमेकींकडून म्हणवून घ्या: आत किडाच आहे का, कान पूर्वी वाहिलाय का, आत्ता रक्त आलंय का. रात्री दीड वाजता वाचत बसायला वेळ नसतो, तेव्हा ते तोंडपाठच असावे लागतात.